डबा ज्याचा त्याचा, किराणा सगळ्यांचा

साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातली मुलं शिकायला पिंपळनेरला येतात, तेव्हा चौघं मिळून एखादी खोली घेतात. भाड्यावरून त्यांच्यात वाद होत नाहीत, कारण आकडा ठरलेला असतो. बिनसतं ते दूध, साखर आणि डब्यावरून. महिनाअखेरीला कोणालाच काही आठवत नाही आणि ज्याने खिशातून भरले तो गप्प बसतो. त्याआधीच खोलीच्या ग्रुपवर असा एक मेसेज जायला हवा:

‘भावांनो, सोमवारपासून प्रत्येकाने दर आठवड्याला ८०० रुपये जमा करायचे. डबा ज्याचा त्याच्या नावावर, किराणा चौघांत सारखा. डबा नको असेल तर आदल्या रात्री नऊच्या आत सांगा, नाहीतर तो धरला जाईल. दर रविवारी रात्री हिशेब. पटतंय का, ते प्रत्येकाने लिहा.’

यातलं महत्त्वाचं वाक्य दुसरं. समजा, डबा ५० रुपयांना आहे आणि सोमवार ते शनिवार दोन वेळचे मिळून बारा होतात. तिघांनी बारा-बारा घेतले, चौथा गुरुवारी सकाळचा डबा खाऊन गावी गेला, त्याचे सातच झाले. एकूण ४३ डबे, म्हणजे २१५० रुपये. चहा, दूध, तेल, पोहे यांचे ८४०. सगळं एकत्र करून चौघांत वाटलं, तर प्रत्येकी साडेसातशेच्या जरा खालीच येतात. वेगळं मोजलं, तर तिघांचे ८१० आणि गावी गेलेल्याचे ५६०. जमा ३२००, खर्च २९९०, शिल्लक २१०. तिघांनी दहा-दहा घातले की चौथ्याचे २४० परत देता येतात. एकत्र हिशेबात त्याला न खाल्लेल्या डब्यांचे १८७.५० रुपये जास्त पडले असते. दोन महिने असं चाललं की तो खोली सोडतो.

आदल्या रात्रीची अट कडक वाटते, पण डबेवाल्या मावशी पीठ, भाजी माणसं मोजूनच काढतात. सकाळी ‘नको’ म्हटलं तर नुकसान त्यांचं होतं.

खरी अडचण घरून येणाऱ्या वस्तूंची. कोणाची आई कळण्याचं पीठ देते, कोणी शेतातला कांदा आणतो. त्याचे पैसे मागायला लाज वाटते आणि मनात मात्र मोजणी चालू राहते. माझं मत स्पष्ट आहे: घरचं आलं ते प्रेमाने खायचं, वहीत धरायचं नाही. पोतंभर धान्य आणणार असाल, तर आणण्यापूर्वी दुकानाचा भाव बोलून घ्या.

जमा रक्कम ज्याच्या मोबाइलवर असते, त्याचा स्वतःचा रिचार्जही त्यातूनच होतो आणि शिल्लक कळेनाशी होते. दर रविवारी वहीतली शिल्लक आणि हातातले पैसे जुळत नसतील, तर आधी हेच तपासा. सोपा मार्ग म्हणजे जमा रक्कम रोखच ठेवणं, एका वेगळ्या डब्यात बिलांसकट.

आणि मेसेजला नुसता अंगठा आला तर तो होकार समजू नका. चौघांनी ‘हो’ लिहिल्यावरच पहिले पैसे घ्या.