पापड दुकानात ठेवू का? एका प्रश्नावर वर्ग कसा बोलता होतो

तुमच्यापैकी बरेच जण आता घरबसल्या ऑनलाइन क्लास घेतायत. सगळ्यांची एकच तक्रार: प्रश्न टाकला की पंधरा उत्तरं येतात, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. कुणी लिहितं "छान", कुणी "सहमत".

बहुतेकदा दोष प्रश्नाचाच असतो. "पापडाचा भाव कसा ठरवाल?" असं विचारलं की पहिलीच बाई सूत्र लिहून मोकळी होते. मग दुसरीने काय लिहायचं?

त्याऐवजी प्रसंग द्या, आणि त्यात निर्णय अडकवा. समजा, मुर्रीच्या एक ताई तांदळाचे पापड करतात. किलोला खर्च 160 रुपये, घरून विक्री 240 ला. गोंदियातला दुकानदार म्हणतो, "विक्री किमतीवर 20 टक्के मला, पैसे 15 दिवसांनी." माल द्यायचा का?

पण एवढ्यावर थांबू नका. खाली हे लिहाच: "पहिल्याने निर्णय आणि आकडा द्यावा. पुढच्या प्रत्येकाने आधीच्याचा एक आकडा उचलून त्यात सुटलेला खर्च किंवा अट घालावी, आणि नवा आकडा काढावा."

आता बघा काय होतं. पहिली लिहिते, "द्या. 48 रुपये दुकानदाराचे, हाती 192, नफा 32." दुसरा म्हणतो, "त्या 32 मध्ये फेरीचं पेट्रोल कुठंय? फेरीला 50 धरा. 5 किलो नेले तर किलोमागे 10 गेले, उरले 22." तिसरी त्यावर म्हणते, "मग 10 किलो न्या, पेट्रोल 5 वर येईल, 27 उरतील. पण मग 1600 रुपये पंधरा दिवस अडकतील, पुढचं पीठ कशाने आणायचं?" चौथा सुचवतो, निम्मे रोख मागा. पेट्रोलचा मुद्दा आल्याशिवाय 10 किलोची गोष्ट निघालीच नसती.

"प्रत्येकाने दोन उत्तरं द्यावीत" हा नियम मात्र मला पटत नाही. त्याने मोजणी भरते, बाकी काही नाही. त्यापेक्षा दोन मुदती ठेवा: पहिलं मत बुधवारपर्यंत, दुसऱ्याच्या मताला जोडणं शनिवारपर्यंत. एकच मुदत असली की सगळे शेवटच्या रात्री येतात, आणि जोडायला कुणाचं काही वाचलेलंच नसतं. गटही पाच-सहा जणांचाच करा. व्हॉट्सॲपवर असाल तर ज्या मेसेजला उत्तर देताय तो उजवीकडे सरकवूनच लिहायचं, हे आधी सांगून ठेवा. नाहीतर दहा मेसेजनंतर कोण कुणाला बोलतंय तेच कळत नाही.

पहिली दोन-तीन उत्तरं येईपर्यंत तुम्ही गप्प बसा. सरांचं उत्तर पडलं की वर्ग संपला.

आणि जमलं की नाही, हे असं तपासा: तिसरं उत्तर उचलून एकटंच वाचा. वरचं काही न वाचता ते पूर्ण कळलं, तर समजा जोडलं गेलेलं नाही. मग त्याखाली फक्त एवढं लिहा, "हे वरच्या कुणाच्या आकड्यावर बोलताय?"