माड, शिंदी की रॉयल पाम?

एखाद्या सोसायटीच्या फाटकापाशी उंच, सरळ झाडांची रांग दिसते. फोटो काढणारा खाली लिहितो, 'नारळाची झाडं', आणि बहुतेक वेळा चुकतो. तो पाहतो झाडाची उंची आणि वरचा पिसारा. खरी ओळख मात्र झावळी खोडाला जिथे चिकटते, तिथे असते.

त्या रांगेचाच फोटो मोठा करून पाहा. खोड सिमेंटच्या खांबासारखं करडं, गुळगुळीत आणि मध्येच किंचित फुगलेलं आहे. त्याच्या वर, झावळ्यांच्या खाली, हिरवागार लांब दांडा दिसतो. झावळ्यांचे तळ एकमेकांभोवती घट्ट गुंडाळून तो झालेला असतो. माडाला असा हिरवा दांडा कधीच नसतो. त्याच्या झावळ्यांच्या बुडाशी तपकिरी, जाळीदार तंतूंचं वेष्टन असतं. म्हणजे ही झाडं शोभेची, रॉयल पामची. फक्त एक खबरदारी घ्यावी: असा हिरवा दांडा पोफळीलाही असतो, पण तिचं खोड बारीक असतं आणि त्यावर वळ्या उठून दिसतात.

माड आणि शिंदी यांच्यात गोंधळ झाला, तर झावळीचा जवळून घेतलेला फोटो हवा. माडाची पाती मधल्या शिरेवर दुमडून कडा खाली झुकवते; शिंदी आणि खजुराची पाती उलट, कडा वर करून पन्हळ धरते. शिंदीच्या झावळीचा देठाकडचा भाग पाहा. तिथल्या पात्यांचे लांब, टोकदार काटे झालेले असतात. माडाला काटे नाहीत. खोडही वेगळं: माडाच्या खोडावर गळलेल्या झावळ्यांच्या आडव्या खुणा, तर शिंदीच्या खोडावर तुटक्या देठांचे खडबडीत खवले. शिंदी आणि खजूर यांना मात्र फोटोवरून वेगळं करणं अवघड जातं. खजुराला बुंध्याशी फुटवे येतात, शिंदी बहुधा एकखोडी असते; पण बागेत माळी फुटवे काढून टाकतात, त्यामुळे नुसत्या बुंध्यावरून निर्णय देऊ नये.

ताडाला एवढा खटाटोप लागत नाही. त्याचं पान पंख्यासारखं पसरतं आणि देठाच्या कडांना काळसर दाते असतात. अट इतकीच की पंखा दिसला म्हणजे ताडच असं नाही. बागेतल्या वॉशिंग्टोनिया पामलाही पंखाच असतो. त्याच्या पानांच्या चिरांतून पांढरे धागे लोंबतात, ताडाच्या लोंबत नाहीत.

रोपांबाबत यातलं बरंच फसतं. खोड अजून तयार झालेलं नसतं आणि माडाची पहिली पानं तर न चिरलेली, सलग असतात. म्हणून ओळख विचारताना अख्ख्या झाडाच्या फोटोबरोबर बुंध्याचा एक आणि झावळीच्या तळाचा एक, असे दोन फोटो जरूर जोडा.