उजेड तोच, करंटही जवळपास तोच. देणारा मात्र वेगळा

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बीपीडब्ल्यू ३४ नावाचा छोटा, पारदर्शक आवरणाचा फोटोडायोड मिळतो. उजेड झेलणारा त्याचा सिलिकॉनचा तुकडा अवघा साडेसात चौरस मिलिमीटरचा असतो. त्याच्या माहितीपत्रकात दोन आकडे शेजारी-शेजारी छापलेले आहेत. डोळ्यांना न दिसणारा ९५० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश, दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिवॉट या प्रमाणात पाडला आणि त्याची दोन टोके थेट एकमेकांना जोडली, तर साधारण ४७ मायक्रोअँपिअर करंट वाहतो. तेवढ्याच प्रकाशात त्याला ५ व्होल्टची बॅटरी उलटी जोडली, म्हणजे रिव्हर्स बायस दिला, तर ५० मायक्रोअँपिअर.

पाच व्होल्ट खर्ची घालून मिळाले काय, तर तीन मायक्रोअँपिअर! फोटोडायोड आणि सोलर सेल यांच्याबद्दलचा नेहमीचा गोंधळ या दोन आकड्यांवरच सुटू शकतो. रिव्हर्स बायस करंट फुगवण्यासाठी दिलेला नसतो, आणि सोलर सेलमधला प्रकाशाचा करंट काही वेगळ्या जातीचा नसतो.

दोन्हींच्या पोटात पी आणि एन अशा दोन प्रकारच्या सिलिकॉनचा सांधा, म्हणजे जंक्शन असते. या सांध्यावर बाहेरून काहीही न जोडता एक विद्युतक्षेत्र तयार झालेले असते. प्रकाशाचा कण आत शिरून इलेक्ट्रॉन आणि होलची जोडी सुटी करतो, तेव्हा हे क्षेत्र इलेक्ट्रॉनला एन बाजूकडे आणि होलला पी बाजूकडे ढकलते. म्हणून प्रकाशाने निर्माण झालेला करंट बाहेर पडतो तो नेहमी पी टोकातून. बॅटरी असो वा नसो, ही दिशा बदलत नाही. किती जोड्या सुटतील हे प्रकाश ठरवतो. बॅटरीने क्षेत्राचा पट्टा थोडा रुंद होतो आणि वाटेत हरवणाऱ्या काही जोड्या वाचतात. ते वरचे तीन मायक्रोअँपिअर प्रामुख्याने तिथून येतात.

फरक आहे तो पी टोक कोणत्या व्होल्टेजला आहे यात. सोलर सेलला बाहेर बल्ब किंवा बॅटरी जोडलेली असते. पी टोकावर साचणाऱ्या होलमुळे ते टोक धन होते. धन टोकातून करंट बाहेर पडतो आहे, म्हणजे सेल वीज देतो आहे. फोटोडायोडला मात्र बॅटरी उलटी जोडल्याने पी टोक ऋण असते. करंट तिथूनच बाहेर पडतो, पण आता ऋण टोकातून. वीज पुरवते ती बॅटरी, डायोड ती खातो. वरच्या उदाहरणात ५ व्होल्ट आणि ५० मायक्रोअँपिअर म्हणजे २५० मायक्रोवॉट बॅटरीतून जातात. तोच तुकडा सोलर सेलसारखा वापरला, तर त्याच प्रकाशात तो जेमतेम दहा-एक मायक्रोवॉट देईल.

इतके कमी का? कारण सोलर सेलला स्वतःच्याच व्होल्टेजचा जाच होतो. पी टोक धन झाले की तो डायोड आपसूक फॉरवर्ड बायसमध्ये जातो आणि त्याच्यातून उलट दिशेने करंट झिरपू लागतो. गळक्या टाकीत पाणी जसजसे चढते तसतशी गळती वाढते, तसे हे आहे. फक्त ही गळती व्होल्टेजबरोबर भराभर, घातांकी वेगाने वाढते. बाहेरच्या तारेत मिळतो तो प्रकाशाचा करंट वजा ही गळती. टोके मोकळी सोडली, तर व्होल्टेज चढत चढत गळती आणि प्रकाशाचा करंट बरोबरीत येतात. बाहेर शून्य करंट दिसतो, पण आत दोन्ही करंट जोरात चालू असतात. बीपीडब्ल्यू ३४मध्ये वर सांगितलेल्या प्रकाशात ही बरोबरी साधारण ०.३५ व्होल्टला होते.

इथेच हौशी मंडळींची फसगत होते. प्रकाश मोजायचा म्हणून बॅटरी न लावता डायोडला १०० किलोओहमचा रेझिस्टर जोडला जातो. गणिताने ४७ मायक्रोअँपिअरला ४.७ व्होल्ट यायला हवेत. मीटर दाखवतो ०.३५च्या आसपास. मग प्रकाश निम्मा केला, तर आकडा निम्मा होण्याऐवजी जेमतेम १८ मिलिव्होल्टने उतरतो. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: प्रकाश निम्मा होऊनही व्होल्टेज इतके कमी उतरले, की डायोड गळतीच्या प्रदेशात गेला असे समजावे. ५ व्होल्टचा रिव्हर्स बायस आणि १० किलोओहमचा रेझिस्टर लावला, की पूर्ण प्रकाशात अर्धा व्होल्ट आणि निम्म्या प्रकाशात पाव व्होल्ट मिळतो. रिव्हर्स बायसने फॉरवर्ड गळतीचे दारच बंद केलेले असते, म्हणून करंट प्रकाशाच्या सरळ प्रमाणात राहतो.

दुसरा लाभ वेगाचा. रुंद झालेल्या पट्ट्यामुळे डायोडची विद्युतधारिता घटते. याच डायोडची शून्य व्होल्टला ७० पिकोफॅरड असलेली धारिता ३ व्होल्टच्या रिव्हर्स बायसला २५च्या आसपास येते. टीव्हीच्या रिमोटचा प्रकाश सेकंदाला हजारो वेळा, बहुधा ३८ हजार वेळा, लुकलुकतो. फायबर केबलमधला तर त्याहून कितीतरी पट वेगाने. तिथे हा फरक कामाला येतो.

पण याची किंमतही मोजावी लागते. रिव्हर्स बायसमध्ये पूर्ण अंधारातही थोडा करंट वाहतो. बीपीडब्ल्यू ३४मध्ये १० व्होल्टला तो साधारण दोन नॅनोअँपिअर असतो, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की तो ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणून अगदी मंद प्रकाश मोजताना बॅटरी काढून टाकतात आणि डायोडची दोन टोके अशा अॅम्प्लिफायरला जोडतात, जो त्यांच्यातले व्होल्टेज शून्यावर धरून फक्त करंट वाचतो. टाकी रिकामीच राहिली, तर गळतीही नाही आणि अंधाराचा करंटही नाही. वेग मात्र घटतो.

या दोन अवस्थांमधली सीमा किती पातळ आहे हे घराच्या गच्चीवर दिसते. ६० सेलच्या जुन्या पॅनेलमध्ये सगळे सेल एकाच माळेत असतात. भर उन्हात प्रत्येकातून नऊ अँपिअरच्या आसपास करंट जातो. झाडाच्या फांदीची सावली एका सेलच्या अर्ध्या भागावर पडली, की त्याचा प्रकाशाचा करंट साडेचार अँपिअरवर येतो. माळेतले बाकीचे सेल त्याच्यातून जास्त करंट रेटू पाहतात आणि त्याचे व्होल्टेज उलटे होते. म्हणजे तो सेल चक्क रिव्हर्स बायसमधला फोटोडायोड बनतो: प्रकाशाइतकाच करंट सोडतो आणि शेजाऱ्यांची वीज खाऊन तापतो.

हे रोखण्यासाठी दर वीस सेलमागे एक बायपास डायोड असतो. तो असूनही सावलीतल्या सेलवर दहा-बारा व्होल्ट येऊ शकतात. साडेचार अँपिअरला ते सुमारे ५० वॉट होतात, एका तळहाताएवढ्या सेलमध्ये. बायपास डायोड नसता तर उरलेल्या ५९ सेलचे व्होल्टेज त्याच्यावर लोटले असते. सावलीचा सेल थर्मल कॅमेऱ्यात लाल ठिपक्यासारखा उठून दिसतो. बायपास चालू झाल्याची खूण मीटरवरही सापडते: काम करताना तीस व्होल्टच्या आसपास असणारे पॅनेल वीसच्या जवळ येते, कारण तीनपैकी एक गट बाजूला टाकला गेलेला असतो.