एकाच पैठणीचे सात रंग: फोटोत रंग बदलला, तरी रेशीम रेशमासारखं कसं राहतं?

लग्नसराई जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर साड्यांचे फोटो फिरू लागतात. त्यात हमखास एक फोटो असा असतो, ज्यात एकच पैठणी सात-आठ रंगांत दिसते. नीट पाहिलं तर प्रत्येक रंगातल्या निऱ्या सारख्या, पदराची घडी तीच आणि सावलीही त्याच जागी. म्हणजे साडी एकच होती, फोटोही एकच काढला आणि बाकीचे रंग कॉम्प्युटरवर भरले.

ही लगेच फसवणूक ठरत नाही. लासलगावहून विंचूरमार्गे येवल्याला गेलं की याचं कारण कळतं. येवल्यात पैठणी हातमागावर विणली जाते आणि एका साडीला काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. एका मागावर एका वेळी एकच साडी असते. त्यामुळे प्रत्येक रंगाची तयार साडी समोर ठेवून फोटो काढणं लहान विक्रेत्याला परवडत नाही. लासलगावच्या एखाद्या दुकानदाराने एका साडीवरून बाकीचे रंग दाखवले, तर ती त्याची गरजही असू शकते. मात्र रंग चुकीच्या पद्धतीने बदलला, तर रेशीम सुती दिसतं, जर हिरवट पडते आणि घरी येणारी साडी फोटोशी जुळत नाही.

फोटोत दिसणारा रंग कशाचा बनतो?

कापडावर पडलेला प्रकाश कॅमेऱ्याकडे दोन वाटांनी येतो. काही प्रकाश धाग्यात शिरतो, तिथल्या रंगाला भिडतो आणि तो रंग घेऊन बाहेर पडतो. हा साडीचा रंग. घडीच्या आत प्रकाश कमी पोहोचतो, म्हणून तिथे हाच रंग गडद दिसतो. ती सावली.

काही प्रकाश मात्र धाग्यात शिरतच नाही. तो गुळगुळीत रेशमावरून आरशासारखा परततो. त्याला धाग्याच्या रंगाचा स्पर्श झालेला नसतो, म्हणून तो दिव्याच्या किंवा उन्हाच्या रंगाचाच राहतो. रेशमावरची पांढरट झळाळी ती हीच. थोडक्यात हिशेब असा:

```
दिसणारा रंग = (धाग्याचा रंग × पडलेला प्रकाश) + चमक
```

रंग बदलताना यातला फक्त 'धाग्याचा रंग' बदलायचा असतो. प्रकाश आणि चमक यांना हात लावायचा नाही. बहुतेक चुका हे तिन्ही भाग एकत्रच ओढल्याने होतात.

रेशीम सुती का दिसू लागतं?

समजा मूळ साडी आकाशी आहे. तिच्या सपाट भागावरून 40 एकक प्रकाश परत येतो आणि घडीच्या कडेवर चमकेचे 20 एकक त्यात मिळतात. कडेवर एकूण 60 झाले, म्हणजे सपाट भागाच्या दीडपट.

आता हीच साडी वांगी रंगाची करायची आहे. वांगी रंग गडद, त्याच्या सपाट भागावरून फक्त 5 एकक येतात. चमक मात्र रंगावर अवलंबून नसल्याने ती 20 च राहते. म्हणजे कडेवर 25 एकक, सपाट भागाच्या पाचपट. एकाच प्रतीचं रेशीम गडद रंगात जास्त झळाळतं, हे साडीच्या दुकानात कोणालाही दिसतं. त्यामागचा हिशेब हाच.

ज्याने फोटो नुसता गडद केला, त्याच्याकडे दीडपटीचं प्रमाण तसंच राहतं. सपाट भाग 5 आणि कडा साडेसात. झळाळी जवळजवळ संपते आणि रेशमी साडी सुती वाटू लागते. उलट वांगी साडीचा फोटो उजळून आकाशी केला, तर पाचपटीचं प्रमाण कायम राहून कडा 200 वर जाते. तिथे पांढरे डाग पडतात आणि साडी प्लॅस्टिकची वाटते.

रंग फिरवण्याची सोपी पट्टी, म्हणजे फोटो एडिटरमधली `Hue`, इथे का पुरत नाही हेही यातून कळतं. ती रंगछटा बदलते, पण त्या रंगाचा उजेड डोळ्याला किती जाणवतो याचा विचार करत नाही. स्क्रीनवरचा शुद्ध पिवळा पांढऱ्याच्या सुमारे 93 टक्के उजळ असतो, तर शुद्ध निळा जेमतेम 7 टक्के. `Hue` ची पट्टी मात्र दोघांना सारखंच उजळ समजते.

मग बरोबर पद्धत कोणती?

सुरुवात मूळ साडी निवडण्यापासून होते. ती फिक्या किंवा मध्यम रंगाची असावी. गडद साडीच्या फोटोत उजेडाच्या 255 पायऱ्यांपैकी जेमतेम 30 वापरल्या गेल्या असतील, तर त्या उजळ रंगासाठी 160 पायऱ्यांवर ताणाव्या लागतात. मग दर दोन पायऱ्यांमध्ये पाचेक पायऱ्यांची फट पडते आणि कापडावर पट्टे उमटतात. हळदी साडीही टाळलेली बरी, कारण हळदी आणि जरीचा सोनेरी रंग सॉफ्टवेअरला वेगळा करता येत नाही. आकाशी रंग या दोन्ही कसोट्यांना उतरतो.

पुढचं काम `GIMP` या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं. साडीचं रेशमी अंग निवडून त्याचा मास्क बनवायचा, म्हणजे बदल कुठे व्हावा आणि कुठे होऊ नये याची सीमा आखायची. काठ, बुट्ट्या आणि पदरावरची जर या सीमेबाहेर राहते. या मास्कचा एक लेयर ग्रुप करून त्यात खालून वर तीन थर ठेवायचे.

पहिला थर सपाट, नव्या रंगाचा.

दुसरा थर सावलीचा. मूळ फोटोची प्रत घेऊन `Colors > Desaturate > Desaturate` मध्ये `Luminance` निवडून ती करडी करायची. मग सपाट भागाचा आकडा पाहायचा. तो 170 आला असं धरू. `Levels` मध्ये `Input Levels` चं पांढरं टोक 170 वर आणलं की सपाट भाग पांढरा होतो आणि फक्त सावल्या उरतात. या थराचा मोड `Multiply`.

तिसरा थर चमकेचा. त्याच करड्या फोटोची दुसरी प्रत घ्यायची आणि या वेळी `Input Levels` चं काळं टोक 170 वर आणायचं. सपाट भाग काळा होतो, फक्त झळाळी उरते. `Output Levels` चं पांढरं टोक 85 वर ठेवायचं, कारण 255 मधून 170 गेले की 85 च उरतात. हे विसरलं तर चमक तिप्पट होते. या थराचा मोड `Addition`.

वरचा हिशेबच इथे थरांच्या रूपात येतो: रंग, गुणिले सावली, अधिक चमक. मोबाइलच्या पडद्यासाठी हे पुरेसं जवळ जातं. पुढे राणी, मोरपंखी, वांगी, हळदी यांपैकी कोणताही रंग हवा असेल, तर फक्त पहिला थर बदलायचा.

नवा रंग आणायचा कुठून?

सर्वांत जास्त गफलत इथे होते. नवा रंग स्क्रीनवर डोळ्यांनी निवडला, तर तो विणणाऱ्याकडे असेलच असं नाही. पैठणीचं रेशीम विणण्याआधी धाग्याच्या रूपात रंगवलेलं असतं. म्हणजे साडी नसली, तरी त्या रंगाच्या धाग्याची लडी असते. मूळ साडी आणि लड्या एकाच जागी, एकाच उजेडात शेजारी ठेवून फोटो घेतला, की प्रत्येक लडीच्या सावली आणि झळाळी नसलेल्या भागावरून खरा रंग उचलता येतो. झळाळी कमी-जास्त वाटली, तर तिसऱ्या थराची `Opacity` लडीच्या चमकेशी ताडून ठरवता येते.

जर आणि धूपछांव: इथे पद्धत थांबते

जरीचा नियम रेशमाच्या उलट असतो. धातूवर रंग आणि चमक वेगळे नसतात, सोन्याची झळाळीच सोनेरी असते. म्हणून रंगाची पट्टी सगळ्या फोटोवर फिरवली, की जर आधी बिघडते. हिरवट किंवा गुलाबी जर दिसली, तर मास्क न करताच रंग बदलला असं समजावं.

पदरात आणखी एक बारकावा असतो. तिथे जर आडवी विणलेली असते, पण उभे धागे, म्हणजे ताणा, बहुधा अंगातूनच पुढे आलेले असतात. जरीच्या फटींतून त्यांचा रंग डोकावतो. त्यामुळे आकाशी साडीच्या पदरावरून राणी साडीचा पदर तंतोतंत दाखवता येत नाही, तो थोडा थंड छटेचा दिसतो.

धूपछांव पैठणीपुढे मात्र ही पद्धत चालतच नाही. तिच्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, आणि पाहण्याचा कोन बदलला की रंगही बदलतो. प्रत्येक घडीत दोन रंगांचं प्रमाण वेगळं असतं. एका सपाट थराने ते दाखवता येत नाही. अशी साडी विकायची, तर तीच समोर ठेवून फोटो घ्यावा लागतो.

खरेदी करणाऱ्याने काय पाहावं?

फोटो मोठा करून साडीच्या शेजारी पाहावं. चमकदार कापडाचा रंग जवळच्या वस्तूंवर हलकासा पडतो: हनुवटीखाली, हातावर, पांढऱ्या टेबलावर. साडी राणी आणि हनुवटीखाली निळसर झाक, असं असेल तर मूळ साडी निळी होती. मग बुट्ट्यांच्या कडा पाहाव्यात. मास्क ढिला असेल, तर तिथे जुन्या रंगाची बारीक रेघ उरते. शेवटी गडद आणि फिक्या रंगांची झळाळी ताडून पाहावी. दोन्हींत ती सारख्याच पटीत दिसली, तर गडद रंग नुसता काळवंडवलेला आहे.

यातली एखादी खूण सापडली, तरी विक्रेता खोटा ठरत नाही. पण त्या रंगाची साडी तयार आहे की विणायची आहे, हे विचारायला हवं. तयार असेल, तर उन्हात घडी हलवतानाचा व्हिडिओ मागवावा. विणायची असेल, तर धाग्याच्या लडीचा फोटो. ऑनलाइन विक्रीसाठीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, वस्तू जाहिरातीत दाखवलेल्या किंवा ठरलेल्या गुणांची नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. लडीचा तो फोटो चॅटमध्ये जपून ठेवला, तर 'ठरलेला रंग' कोणता होता, हे दाखवायला तोच उपयोगी पडतो.