पाचशे प्रती की मागणीनुसार छपाई?

१६० पृष्ठांचा, डेमी आकाराचा एक कथासंग्रह छापायचा आहे. आत एकाच काळ्या रंगाची छपाई, ७० जीएसएमचा कागद, बाहेर चार रंगी मुखपृष्ठ आणि त्यावर लॅमिनेशन. पुस्तक लेखक स्वतःच्या खर्चाने काढत आहे आणि किंमत २५० रुपये ठेवायची आहे. त्याच्यासमोर दोन मार्ग असतात. ऑफसेटवर पाचशेची आवृत्ती काढून ठेवायची, किंवा फाइल प्रिंट ऑन डिमांड सेवेकडे सोपवायची आणि मागणी येईल तशी एकेक प्रत छापून घ्यायची. एके काळी मराठीत हजाराची आवृत्ती हा रिवाज होता आणि त्याहून कमी प्रती काढणे परवडत नसे. डिजिटल यंत्रे आल्यावर एक प्रतही काढता येऊ लागली, आणि पाचशे हा आकडा मधल्या, अवघड जागी येऊन बसला.

दोन्ही पद्धतींतला फरक यंत्राजवळ उभे राहिले की कळतो. ऑफसेटमध्ये पुस्तक पानापानाने छापत नाहीत, फॉर्मने छापतात. १८ बाय २३ इंची कागदाच्या एका बाजूला डेमीची आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ, अशी सोळा पृष्ठे एका फॉर्ममध्ये बसतात. म्हणजे १६० पृष्ठांचे दहा फॉर्म झाले आणि प्रत्येक फॉर्मच्या दोन बाजूंसाठी एकूण वीस प्लेट लागल्या. प्लेट चढवायची, शाई आणि पाणी यांचे प्रमाण जुळवायचे, पुढची-मागची छपाई एका रेषेत आणायची आणि ते जमेपर्यंत कागद वाया घालवायचा. फॉर्ममागे पन्नास-साठ ताव सहज जातात. पुढे शंभर प्रती काढा की हजार, ही सगळी खटपट तेवढीच. डिजिटल यंत्रात प्लेटच नसते. संगणकातली फाइल टोनरने किंवा इंकजेटने थेट कागदावर उतरते, त्यामुळे पहिल्या प्रतीला जो खर्च येतो तोच जवळजवळ शंभराव्या प्रतीलाही येतो.

आता हिशेब. पुढचे दर समजण्यासाठी धरलेले आहेत. गावागणिक आणि कागदाच्या बाजारभावाप्रमाणे ते बदलतात, पण त्यांचे एकमेकांशी असलेले नाते फारसे बदलत नाही. वीस प्लेटचे ५,००० रुपये, आतील छपाईचे ८,०००, मुखपृष्ठाच्या प्लेट आणि छपाईचे २,५००, वाया जाणाऱ्या कागदाचे १,०००. हे १६,५०० रुपये एकही पुस्तक तयार होण्याआधीच खर्ची पडतात. त्यानंतर प्रत्येक प्रतीला आतला कागद, मुखपृष्ठाचा कागद, लॅमिनेशन आणि बांधणी मिळून ३९ रुपये. पाचशे प्रतींचे १९,५०० झाले. एकूण ३६,००० रुपये, म्हणजे प्रतीला ७२. तीच प्रत मागणीनुसार छापली तर १३० रुपयांच्या आसपास पडते असे धरू. संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठाची चित्रकारी दोन्हींकडे सारखीच, म्हणून ती बाजूला ठेवली आहे.

७२ आणि १३० हे आकडे शेजारी ठेवले की ऑफसेट स्वस्त असे वाटते, आणि बहुतेक नवे लेखक याच ठिकाणी फसतात. हा ७२ रुपयांचा दर पाचशेच्या पाचशे प्रती कामी आल्या तरच खरा आहे. मुद्रणालयाचे ३६,००० रुपये मात्र प्रती खपोत न खपोत, द्यावेच लागतात. म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ३६,००० रुपयांत मागणीनुसार किती प्रती निघाल्या असत्या? ३६,००० भागिले १३०, म्हणजे २७७. यापेक्षा कमी प्रती कामी येणार असतील तर ऑफसेट महाग पडले, जास्त येणार असतील तर स्वस्त. मुद्रणालयातले जाणकार बहुधा याहून खालचा आकडा सांगतात. त्यांच्या हिशेबाने १८१ प्रतींच्या पुढे ऑफसेट परवडते, कारण १६,५०० रुपये १३० आणि ३९ यांतल्या ९१ रुपयांच्या फरकातून तेवढ्या प्रतींत वसूल होतात. तो हिशेब चुकीचा नाही. पण तो जितक्या प्रती छापायच्या तितक्याच खपणार असे धरून केलेला आहे, आणि इथे तर पाचशे छापायच्या ठरल्या आहेत.

कामी येणे म्हणजे फक्त विक्री नव्हे, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवावी लागते. शिवाय परीक्षणासाठी वृत्तपत्रे व मासिके, पुरस्कारांच्या प्रवेशिका, प्रस्तावनाकार, ज्यांनी मजकूर वाचून सुचवण्या केल्या ते मित्र, आणि मराठी घरांत पुस्तक विकत घेणे ज्यांना अपमानास्पद वाटते ते नातेवाईक. पंचेचाळीस प्रती अशा जातात असे धरले, तर २३२ प्रती विकल्या की ऑफसेट आणि मागणीनुसार छपाई बरोबरीत येतात. ऑफसेटमध्ये या भेटप्रती घरातल्या गठ्ठ्यातून निघतात, त्यामुळे त्यांचा खर्च वेगळा जाणवत नाही. दुसऱ्या मार्गात प्रत्येक भेटप्रतीला १३० रुपये आणि टपालखर्च खिशातून काढावा लागतो.

२३२ प्रती खपतील का, याचे उत्तर पुस्तक कुठे विकले जाणार यावर आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातले विक्रेते किंवा वितरक साधारण चाळीस टक्के सूट मागतात, कधी त्याहून जास्त. २५० रुपयांच्या पुस्तकातले १५० हातात येतात, तेही उधारीवर, आणि न खपलेल्या प्रती परत. ऑफसेटच्या प्रतीवर हा व्यवहार २४० प्रतींत भांडवल सोडवतो आणि पुढची प्रत्येक प्रत १५० रुपये देते. मागणीनुसार छापलेल्या प्रतीवर १५० मधून १३० गेले की २० उरतात, आणि त्यातून दुकानापर्यंतचे भाडे द्यायचे. म्हणजे दुकानातून विकायचे असेल तर २५० रुपयांत हा मार्ग जवळजवळ बंदच आहे. किंमत ३५० केली तर दुकानाची सूट वजा जाता ८० रुपये सुटतात, पण १६० पृष्ठांच्या कथासंग्रहाला ३५० द्यायला वाचक कचरतो. उलट व्याख्याने, संमेलनातला गाळा, संस्थेचे सभासद किंवा थेट नोंदणी अशी विक्री असेल, तर वीस टक्के सवलत देऊनही २०० रुपये मिळतात. तिथे मागणीनुसार छापलेली प्रतही ७० रुपये ठेवते, आणि ऑफसेटचे भांडवल १८० प्रतींतच मोकळे होते.

ग्रंथालयांची खरेदी हे मराठी पुस्तकाचे आणखी एक गिऱ्हाईक, आणि तिथे तयार प्रती हाताशी असणे फार उपयोगी पडते. पुस्तकाची निवड झाली की मागणी एकदम आणि ठरावीक मुदतीत येते. ज्याच्याकडे दोनशे प्रती बांधून तयार आहेत तो ती पुरी करतो. एकेक प्रत छापणाऱ्या सेवेकडून तेवढ्या प्रती मागवल्या तर वेळ लागतो आणि दरात फारशी सवलतही मिळत नाही. परदेशातल्या मराठी वाचकाचे गणित मात्र नेमके उलटे आहे. अमेरिकेतल्या वाचकाला पुण्याहून पुस्तक पाठवताना टपाल पुस्तकापेक्षा महाग पडते. परदेशात छापून देणारी सेवा मिळाली आणि तिच्या यंत्रणेत देवनागरी नीट उतरली, तर तेवढ्यापुरता हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

छपाईचा दर्जाही निर्णयात येतो, पण लोक समजतात तितका नाही. ऑफसेटची शाई कागदात मुरते, टोनर वर बसतो, म्हणून डिजिटल अक्षर किंचित चकाकते. केवळ मजकुराच्या पुस्तकात हे भिंग घेतल्याशिवाय जाणवत नाही. बांधणीतला फरक खरा आहे. पाचशेच्या आवृत्तीत फॉर्म घडी घालून, शिलाई करून मग मुखपृष्ठ चिकटवता येते. मागणीनुसार छापलेले पुस्तक बहुधा सुट्या पानांचा कणा खरवडून गरम डिंकाने चिकटवलेले असते. ते तपासायचे तर नमुना प्रत मधोमध पूर्ण उघडून टेबलावर उलटी ठेवावी. तड असा आवाज आला आणि मधली पाने कण्यापासून सुटू लागली, तर अशी प्रत ग्रंथालयात वर्षभरही टिकणार नाही. उघडलेले पुस्तक पुन्हा पुन्हा स्वतःच मिटत असेल, तर कागदाच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर नाही असे समजावे. ही चूक दोन्ही पद्धतींत होते.

पाचशे प्रतींना जागाही लागते. ७० जीएसएमवर १६० पृष्ठांचे पुस्तक सुमारे १९० ग्रॅम भरते, म्हणजे सगळ्या मिळून ९५ किलो. पन्नासचा एक, असे दहा गठ्ठे. कोकणात किंवा पुण्याच्या तळमजल्यावर ते थेट फरशीवर ठेवले तर एका पावसाळ्यात खालचे गठ्ठे ओल धरतात, आणि वाळवी लागली तर वरून काहीच दिसत नाही. फळीवर, भिंतीपासून थोडे अलग ठेवलेले गठ्ठे टिकतात. मागणीनुसार छपाईत हा प्रश्नच नाही, आणि छापल्यानंतर सापडलेली चूक पुढच्या प्रतीपासून दुरुस्त होते. ऑफसेटच्या पाचशे प्रतींत ती तशीच जाते, किंवा शुद्धिपत्र चिकटवावे लागते. मात्र पीओडीचा करार करताना एक कलम वाचावे. पुस्तक सतत उपलब्ध असते, त्यामुळे आवृत्ती संपल्यावर हक्क लेखकाकडे परत येण्याची जुनी अट तिथे कधीच लागू होत नाही. हक्क परत मिळण्याची मुदत वर्षांत लिहून घ्यायला हवी.

विक्रीचा अंदाजच नसेल, आणि पहिल्या पुस्तकाच्या बाबतीत तो सहसा नसतोच, तर मधला मार्ग घेतला जातो. आधी पन्नास ते शंभर प्रती डिजिटल यंत्रावर एकगठ्ठा काढायच्या. एकेक प्रतीपेक्षा त्या थोड्या स्वस्त पडतात. प्रकाशन समारंभ, परीक्षणे आणि पहिल्या तीन महिन्यांची विक्री त्यांवर भागवायची. त्या प्रती नोंदणी करून घेतलेल्या वाचकांनी आणि दुकानांनी मागून नेल्या, भेटीदाखल संपल्या नाहीत, तर ऑफसेटला जायचे. या वाटेवर दोन गोष्टी अडतात. पृष्ठसंख्या सुरुवातीपासून सोळाच्या पटीत ठेवावी, कारण १६२ पृष्ठांच्या पुस्तकात शेवटच्या दोन पृष्ठांसाठी वेगळ्या प्लेट चढवाव्या लागतात. डिजिटलला याने काही बिघडत नाही, म्हणून तिकडे कोणी लक्ष देत नाही. दुसरे म्हणजे मुखपृष्ठ. डिजिटलचा कागद आणि ऑफसेटचा कागद यांच्या जाडीत फरक असतो. ८ मिलिमीटरचा कणा दुसऱ्या कागदावर १० मिलिमीटरचा होतो, आणि जुन्याच फाइलवरून छापले तर कण्यावरचे नाव सरकून पुढच्या पानावर येते. मुखपृष्ठाची फाइल नव्या कागदाच्या कोऱ्या प्रतीवरून, कणा मोजून, पुन्हा करून घ्यावी लागते.