उलटी मोजणी आणि परतीची वाट

रिकर्शन शिकवताना बहुतेक पुस्तकं फॅक्टोरियल घेऊन बसतात. पाचचा फॅक्टोरियल एकशेवीस, झालं. विद्यार्थी गुणाकारात गुंततो आणि फंक्शनने स्वतःलाच बोलावलं म्हणजे नेमकं काय केलं, हे बघायचं राहूनच जातं. माझ्या मते सुरुवात उलट्या मोजणीने करावी. त्यात हिशेब करण्यासारखं काहीच नाही, म्हणून यंत्र काय करतंय ते उघडं दिसतं. पायथनमध्ये ते असं लिहितात:

```python
def mojani(n):
    if n == 0:
        print("सुटलं")
        return
    print(n)
    mojani(n - 1)

mojani(3)
```

चालवलं की पडद्यावर 3, 2, 1 आणि मग ‘सुटलं’ असं एकाखाली एक येतं. फंक्शन आपला आकडा छापतं आणि एकने कमी आकडा देऊन स्वतःलाच पुन्हा हाक मारतं. शून्य आलं की मात्र पुढे हाक मारायची नाही, ही थांबण्याची अट. इथवर कुणालाच अडचण येत नाही. उलट वर्गातली चुणचुणीत मुलं लगेच विचारतात, ‘सर, हे तर साध्या लूपनेही होतं, मग एवढा खटाटोप कशाला?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्याऐवजी मी शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल करायला सांगतो:

```python
    mojani(n - 1)
    print(n)
```

आता काय छापलं जाईल? आधी कागदावर लिहायचं, मगच चालवायचं, असा माझ्या वर्गाचा नियम आहे. निम्म्याहून अधिक मुलं पुन्हा 3, 2, 1 लिहितात. पडद्यावर येतं ते असं: आधी ‘सुटलं’, मग 1, 2, 3. उलटी मोजणी सुलटी झाली, आणि कुठेही अधिक एक केलेलं नाही! मला विचाराल तर सगळं रिकर्शन या एका अदलाबदलीत आहे.

घडलं ते असं. `mojani(3)` सुरू झालं आणि छापायच्या आधीच त्याने `mojani(2)` ला बोलावलं. आता तीनवालं संपलेलं नाही, ते अर्ध्यावर थांबलंय. कचेरीत एका फायलीवर शेरा मारता मारता दुसरी तातडीची फाईल यावी आणि पहिली उघडी ठेवून तिच्यावरच दुसरी ठेवावी, तसं. दोनवाल्याने एकला बोलावलं, एकवाल्याने शून्याला. शून्याने ‘सुटलं’ छापलं आणि ते मोकळं झालं. मग वरून खाली एकेक काम हातावेगळं होत गेलं: एकवाल्याचं छापणं उरलं होतं, ते झालं, मग दोनवाल्याचं, शेवटी तीनवाल्याचं. या चळतीला कॉल स्टॅक म्हणतात आणि तिच्यातल्या एकेका थराला फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये दोन गोष्टी असतात: त्या हाकेपुरता स्वतंत्र `n`, आणि काम संपल्यावर कुठल्या ओळीवर परतायचं त्याची नोंद. `n` हे नाव एक, पण एकाच वेळी चार निरनिराळे `n` जिवंत होते. हे ध्यानात आलं नाही की रिकर्शन जादूसारखं वाटतं, आणि जादूतली चूक शोधता येत नाही.

हाकेच्या आधी एक आणि नंतर एक अशी दोन्हीकडे `print(n)` ठेवून पाहा. 3, 2, 1, सुटलं, 1, 2, 3. जाणं आणि येणं, दोन्ही.

आज आपण ही चळत गृहीत धरतो, पण सुरुवातीच्या काळात ती नव्हती. 1957 मध्ये आयबीएमने दिलेल्या फोरट्रानमध्ये असं फंक्शन लिहिता येत नव्हतं. परतीचा पत्ता एका ठरलेल्या जागी ठेवायची रीत होती. जागा एकच, म्हणजे फंक्शनने स्वतःला बोलावलं की नवा पत्ता जुन्यावर लिहिला जाणार आणि पहिल्याची घरची वाट पुसली जाणार. `n` चंही तेच. सर्वांना मिळून एकच कप्पा असता, तर आपल्या अदलाबदल केलेल्या मोजणीने परतताना तिन्ही वेळा शून्यच छापलं असतं. मग जॉन मॅकार्थी यांची लिस्प आली, 1960 मध्ये त्यांचा रिकर्सिव्ह फंक्शनांवरचा प्रसिद्ध लेख आला, त्याच वर्षी अल्गोल 60 आली. फोरट्रानने मात्र रिकर्शनला अधिकृत परवानगी दिली ती थेट फोरट्रान 90 मध्ये. असो.

मला त्यातला अ‍ॅमस्टरडॅमचा धागा फार आवडतो. तिथल्या मॅथेमाटिश सेंट्रम या संस्थेत एड्सगर डाइक्स्ट्रा आणि याप झोनेफेल्ड यांनी 1960 च्या उन्हाळ्यात अल्गोल 60 चा कम्पायलर चालवून दाखवला आणि डाइक्स्ट्रांनी फंक्शनच्या हाका स्टॅकवर कशा रचायच्या यावर लेख लिहिला. या संस्थेचं नाव पुढे सीडब्ल्यूआय झालं, आणि 1989 च्या डिसेंबरात तिथेच खिदो व्हान रॉसुम यांनी पायथन लिहायला घेतली. आपली ही सहा-सात ओळींची मोजणी, म्हणजे, आपल्या आजोळीच खेळते आहे.

आता बिघडतं कुठे ते बघू. `mojani(-1)` दिलं तर? उणे एकमधून एक वजा करत गेलं तर शून्य कधीच येत नाही. `mojani(2.5)` चंही तसंच: 1.5, 0.5, आणि पुढचा टप्पा थेट उणे 0.5, शून्याला वळसा घालून. आकडे धबाधबा खाली जातात आणि हजाराच्या आसपास हाका झाल्या की पायथन हात वर करतं:

```
[Previous line repeated 996 more times]
RecursionError: maximum recursion depth exceeded
```

वरच्या ओळीतला आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण तीच ओळ पुन्हा पुन्हा आल्याची तक्रार दिसली की समजावं, थांबण्याची अट गाठलीच गेली नाही. उपाय सोपा आहे: `n == 0` च्या जागी `n <= 0` लिहावं.

पण अट बिनचूक असूनही `mojani(1000)` कोसळतं, कारण पायथनमध्ये खोलीची मर्यादा मुळातच 1000 ठेवलेली असते. `sys.setrecursionlimit` ने ती वाढवता येते. मात्र जुन्या आवृत्त्यांत भरमसाट वाढवली, तर कसलाही निरोप न देता अख्खा प्रोग्रॅमच बंद पडायचा. पहिल्या मोजणीत स्वतःला हाक मारणं हे फंक्शनचं शेवटचंच काम आहे, परतल्यावर करायला काही उरत नाही. मग जुनी फ्रेम टाकून तिच्याच जागी नवी का ठेवू नये? स्कीम ही भाषा नेमकं हेच करते आणि तिच्यात दहा लाखांपासूनची मोजणीही निर्धास्त चालते. व्हान रॉसुम यांनी पायथनमध्ये ही सोय नाकारली. फ्रेमा टाकून दिल्या तर चूक झाल्यावर कोणी कोणाला बोलावलं याचा माग उरत नाही, हे त्यांचं एक कारण. शिकवणारा म्हणून मी त्यांच्या बाजूचा आहे.

तेव्हा चुणचुणीत मुलांचं म्हणणं खरंच आहे. नुसती उलटी मोजणी करायची असेल तर पायथनमध्ये `for` लूपच वापरावा. परतताना काही काम उरत असेल, जसं फोल्डरातल्या फोल्डरांमधल्या फायलींचा आकार मोजत वर येणं, तिथे रिकर्शन घ्यावं. आणि घरात कुणी पायथन शिकत असेल, तर त्या दोन ओळींची अदलाबदल करून उत्तर आधी कागदावर लिहायला सांगा.