दातांचे उपचार आणि विम्याचा दावा

बहुतांश आरोग्य विमा पॉलिसींमध्ये दातांच्या उपचारांचा खर्च अपघाती इजेपुरताच मिळतो. अनेकदा रुग्णालयात दाखल होण्याचीही अट असते. कीड, दातांची सफाई किंवा सौंदर्यासाठीचे उपचार सहसा वगळलेले असतात.

समजा, दुचाकीवरून पडून आपला पुढचा दात तुटला. केसपेपरवर केवळ ‘रूट कॅनाल’ एवढेच लिहिले असल्यास कंपनी तो किडीवरील उपचार समजून दावा नाकारू शकते. म्हणून पहिल्याच भेटीत अपघाताची तारीख, इजेचे कारण व दाताचा क्रमांक नोंदवून घ्यावा. उपचारापूर्वीचा एक्स-रे जपून ठेवावा; कॅप बसवल्यानंतर मूळची इजा दाखवता येत नाही. बिलात प्रत्येक उपचाराची रक्कम स्वतंत्र असावी. दावा नाकारल्यास कारण लेखी मागावे.